फळाला ळ, फुलाला ल

फळ आणि फूल एकाच फांदीवर येतात, पण लिहिताना एकाला ळ लागतो आणि दुसऱ्याला ल. तीळ लिहिताना ळ, आणि त्याच तिळातून निघणाऱ्या तेलाला ल. गळ्याला ळ, त्याच्या वरच्या गालाला ल. मराठी घरात वाढलेले मूल शाळेत जाण्यापूर्वीच हे शब्द बिनचूक बोलू लागते. त्याला कोणी नियम सांगितलेला नसतो. पुढे केव्हातरी त्याने ‘असे का?’ म्हणून विचारले, तर मोठ्यांकडे बहुधा ‘तसेच म्हणतात’ एवढेच उत्तर असते.

शुद्धलेखनाच्या नियमांतही हे उत्तर सापडत नाही. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या आणि शासनाने स्वीकारलेल्या अठरा नियमांचा बराचसा भर अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांवर आहे. ल कुठे लिहावा आणि ळ कुठे, यासाठी त्यांत वेगळा नियम नाही. तशी गरजही भासली नसावी, कारण ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक बोलताना अनेकदा पुसट होतो, पण ‘काला’ आणि ‘काळा’ यांतला कानाला स्वच्छ कळतो. ल म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकते. ळ म्हणताना तेच टोक मागे वळून वर टाळूला लागते आणि झटक्याने पुढे येते. ट, ठ, ड, ढ, ण यांच्या जागेचा, म्हणजे मूर्धन्य, असा हा वर्ण आहे. मराठीत तो शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. वर्णमालेतही तो ल-च्या शेजारी नसून ह-नंतर बसतो.

नियम नसला तरी या वाटणीमागे कारण आहे. ते संस्कृत आणि मराठी यांच्या मधल्या काळात, प्राकृत भाषेत सापडते. मराठी ज्या प्राकृतातून घडली, तिच्यात काही शब्दांत दोन स्वरांच्या मध्ये एकच ल होता आणि काहींत जोडलेला ल्ल होता. एकटा ल दोन स्वरांच्या मध्ये सैल पडला आणि मराठीत त्याचा ळ झाला. ल्ल मात्र घट्ट राहिला. पुढे त्याचा जोड सुटला, दोन ल-चा एक ल उरला, आणि बहुतेक वेळा त्याच्या आधीचा स्वर लांबला. संस्कृतातले ‘फल’ एका ल-चे, म्हणून त्याचे फळ झाले. ‘फुल्ल’ दोन ल-चे, म्हणून त्याचे फूल झाले. ‘गल’वरून गळा आला आणि ‘गल्ल’वरून गाल. ही संगती फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लोक यांनी मराठीच्या जडणघडणीवरच्या 1920 सालच्या ग्रंथात पद्धतशीर मांडली. त्या ग्रंथाचा मराठी अनुवादही उपलब्ध आहे.

यातला कालक्रम लक्षात घेतला की गोष्ट आणखी स्पष्ट होते. एकट्या ल-चा ळ झाला तेव्हा जोडाक्षरे अजून जोडाक्षरेच होती. तशी ती नसती, तर ‘गल्ल’चा ‘गल’ आधीच झाला असता आणि मग त्याच्याही ल-चा ळ होऊन गळा आणि गाल या दोहोंना एकच अक्षर मिळाले असते. आज गालात दिसणारा एकटा ल हा मुळात दोघांतला उरलेला आहे, म्हणूनच तो ळ होण्यापासून वाचला.

संक्रांतीला घरोघरी म्हटले जाणारे ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे वाक्य या नियमाच्या चाचणीसाठी घेण्यासारखे आहे. त्यात ळ दोनदा आणि ल एकदा येतो, आणि तिन्ही वेळा त्याची वाट निराळी आहे.

पहिला शब्द तीळ. संस्कृत ‘तिल’मध्ये एकच ल, तोही दोन स्वरांच्या मध्ये, तेव्हा तीळ झाला. या तिलापासून संस्कृतात ‘तैल’ शब्द बनला. त्याचा मूळ अर्थ तिळाचे ते. मग त्याचेही ‘तेळ’ का झाले नाही? कारण प्राकृतात तैलाचे रूप ‘तेल्ल’ झाले होते, दोन ल-चे. बाराव्या शतकातील व्याकरणकार हेमचंद्र यांनी आपल्या प्राकृत व्याकरणात तैल आणि त्यासारख्या काही शब्दांत व्यंजन दुप्पट होते, असे स्वतंत्र सूत्रच दिले आहे. म्हणून बी तीळ राहिले आणि त्यातून निघालेले द्रव तेल झाले. पुढे शेंगदाण्याचे, करडईचे, खोबऱ्याचे अशा सगळ्यांनाच तेल म्हणू लागले, पण त्यातला ल हा तिळाच्या घरातून बाहेर पडतानाच दुप्पट झालेला आहे.

दुसरा शब्द गूळ. इथे मुळात ल नव्हताच. संस्कृत शब्द ‘गुड’. दोन स्वरांच्या मधल्या ड-चाही मराठीत अनेक शब्दांत ळ झाला आहे. षोडश म्हणजे सोळा, तडाग म्हणजे तळे, दाडिम म्हणजे डाळिंब. ही सवय फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ‘ईळे’ असे रूप येते. नंतरच्या संस्कृतात त्याच ठिकाणी ‘ईडे’ म्हणतात. म्हणजे ळ हा ध्वनी वेदांच्या पठणात होता, पाणिनीच्या पुढच्या संस्कृत लेखनात तो नाहीसा झाला आणि मराठीत पुन्हा भरभरून आला. मग घोडा, घडा, कडू यांत ड कसा टिकला? तो मुळात ड नव्हता. घोटक, घट, कटु यांतल्या ट-चा ड झाला आहे. ट एक पायरी उतरून ड झाला आणि ड एक पायरी उतरून ळ झाला.

तिसरा शब्द बोला. प्राकृतात या क्रियापदाचे रूप ‘बोल्ल’ असे दोन ल-चे होते, म्हणून मराठीत बोलणे, बोली, बोलका या सगळ्यांत ल आहे. एका ओळीच्या शुभेच्छेत एकटा ल, ड आणि ल्ल असे तिन्ही वारसे आपापल्या अक्षरात उभे आहेत.

एकाच धातूची दोन रूपे प्राकृतात शेजारी शेजारी नांदत असतील, तर मराठीला दोन्ही मिळाली. ‘चल्’ हा तसा धातू. त्याचे ‘चलइ’ असेही रूप होई आणि ‘चल्लइ’ असेही. पहिल्यातून चळणे आले, दुसऱ्यातून चालणे. म्हणून चळवळ, चळ लागणे यांत ळ, आणि चाल, चालरीत, पायचाल यांत ल. मूळ आणि मोल यांचेही तसेच. ‘मूल’ एका ल-चे, त्याचे मूळ झाले. त्याच्यापासून बनलेले ‘मूल्य’ प्राकृतात ‘मोल्ल’ झाले, त्याचे मोल झाले. बेलाच्या पानातला ल असाच ‘बिल्व’मधल्या जोडाक्षराने राखला. चुलीतला ल ‘चुल्ली’तला, आणि झाडाच्या पाल्यातला ‘पल्लव’मधला.

अक्षर बदलले की अर्थ बदलतो, अशा जोड्या यातूनच तयार झाल्या. वेळ आला ‘वेला’पासून आणि वेल आली ‘वल्ली’पासून, प्राकृतातल्या ‘वेल्ली’मार्गे. काळ आला ‘काल’पासून. आदल्या दिवसाला म्हणतात तो काल मात्र ‘कल्य’ या वेगळ्याच शब्दापासून आला. त्याचे प्राकृतात ‘कल्ल’ झाले होते. भिंतीला येते ती ओल प्राकृत ‘ओल्ल’मधून, आणि वहीत लिहितो ती ओळ ‘ओली’ म्हणजे रांग या शब्दातून. या जोड्यांमध्ये चुकीचे अक्षर पडले तरी शब्द अस्तित्वात असतोच, म्हणून चूक डोळ्यांना सहज दिसत नाही. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ ही म्हण ल वापरून लिहिली तर ‘काल आला होता, पण वेल आली नव्हती’ असे वाक्य तयार होते. त्यातला प्रत्येक शब्द कोशात सापडतो. फक्त मरणाच्या दारातून परत आलेला माणूस वाक्यातून नाहीसा होतो.

इथपर्यंत नियम सरळ चालतो. गोंधळ सुरू होतो तो संस्कृतातून थेट उचललेल्या शब्दांमुळे. प्राकृतातून झिजत झिजत आलेल्या शब्दांशिवाय मराठीने पुढे संस्कृतातून हजारो शब्द जसेच्या तसे घेतले. हे शब्द प्राकृताच्या वाटेने आलेच नाहीत, तेव्हा त्यांचा ल ळ होण्याचा प्रश्न नव्हता. त्यामुळे एकच शब्द मराठीत दोनदा आला, एकदा झिजून आणि एकदा अखंड. कोमल आणि कोवळा, श्यामल आणि सावळा, उज्ज्वल आणि उजळ, धवल आणि ढवळा, सकल आणि सगळा ही भावंडे आहेत. यात एक उपयोगी खूण सापडते. ज्या शब्दाचे बाकीचे अंग बदलले आहे, म-चा व झाला आहे, जोडाक्षर सुटले आहे, त्याच्या ल-चाही ळ झालेला आहे. ज्याचे संस्कृत रूप शाबूत आहे, त्याचा ल बहुधा शाबूत आहे.

‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की कमळ, बाळ, मंगळ, निर्मळ यांत ल वगळता बाकीचे काहीच बदललेले नाही. अशा शब्दांच्या बाबतीत सोबत कोण आहे ते पाहावे लागते. शब्द एकटा किंवा घरगुती सोबत्याबरोबर असेल तर ळ येतो. संस्कृत सोबत्याबरोबर समासात गेला की ल येतो. काळ एकटा, काळवेळ घरगुती. पण कालखंड, कालावधी, समकालीन. मूळ, मुळात, पण मूलभूत, मूलतः, निर्मूलन. स्थळ, पण स्थलांतर. बळ, बळकट, पण बलवान, बलाढ्य. धूळ, पण धूलिकण. शेतकऱ्याच्या ओळखीचे उदाहरण घ्यायचे तर राज्य शासनाची योजना ‘फळबाग लागवड’ या नावाने चालते आणि विषय ‘फलोत्पादन’ या नावाने ओळखला जातो. बाग हा फारसीतून येऊन घरचा झालेला शब्द, त्याच्याशेजारी फळ. उत्पादन हा संस्कृत शब्द, त्याच्याशी संधी करताना फल. दोन्ही बरोबर आहेत. जमीन कसणाऱ्याला संरक्षण देणारा 1948 चा कायदा ‘कूळ कायदा’ म्हणून ओळखला जातो, आणि विद्यापीठाचे प्रमुख मात्र ‘कुलगुरू’ असतात. शब्द दोन्हीकडे तोच आहे.

या कसोटीलाही मर्यादा आहेत. मंगळसूत्रातले सूत्र संस्कृत असूनही तिथे ळ आहे, कारण तो दागिना आणि त्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या बोलण्यात राहिले. मंगळवार, मंगळागौर यांचेही तसेच. लग्न लागते ते मात्र मंगल कार्यालयात. कुलदैवत आणि कुळदैवत, बालपण आणि बाळपण अशा काही जोड्यांत दोन्ही रूपे चालतात. अशा वेळी तर्क लढवण्यापेक्षा कोश उघडणे चांगले.

क्रियापदांत तर दोन्ही अक्षरे एकाच शब्दात भेटतात आणि तिथे संशयाला जागा राहत नाही. ‘मिळाला’ हा शब्द पाहा. त्यातला ळ धातूचा आहे. संस्कृत ‘मिलति’मधला एकटा ल बदलून तो आला. शेवटचा ला हा भूतकाळाचा प्रत्यय आहे, आणि तो प्राकृतातल्या ‘इल्ल’ या दोन ल-च्या प्रत्ययातून आला. तोच इल्ल ‘पहिला’मध्येही आहे. म्हणून गळाला, पळाली, जळले, कळले, वळला या सगळ्यांत आधी ळ आणि शेवटी ल. मराठीतल्या कोणत्याही क्रियापदाच्या भूतकाळी प्रत्ययात ळ येत नाही. कर्नाटकात श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या मराठी शिलालेखात ‘करवियलें’ हे रूप आहे. त्यातही तो ल आजच्याच जागी आहे.

परभाषांतून आलेल्या शब्दांचा हिशोब सर्वांत सोपा. दलाल, मालक, बदल, अक्कल, गुलाब, महाल हे अरबी-फारसीकडून आले. हॉटेल, बिल, टेबल, पेन्सिल इंग्रजीतून आले. त्या भाषांत ळ नाही आणि हे शब्द प्राकृताच्या काळात इथे नव्हते, म्हणून त्यांत ल-च आहे. किल्ला, गल्ला, हल्ला अशी जोडाक्षरेही ल-चीच. प्रमाण मराठीत ल्ल लिहितात, ळ-चा तसा जोड लिहिण्याची वेळ येत नाही. डोळ्यात, पोळ्या, काळ्या यांत ळ-ला य जोडला जातो, पण तो विभक्ती आणि अनेकवचनामुळे. मूळ शब्द डोळा, पोळी, काळा असेच आहेत.

ळ सगळीकडे सारखा बोलला जात नाही, हेही इथे सांगायला हवे. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर आगरी-कोळी बोलींत त्याचा ल होतो; डोळा ‘डोला’ आणि कोळी ‘कोली’ होतो. वऱ्हाडात आणि खानदेशात अनेक जण ळ-च्या जागी य म्हणतात. डोळा ‘डोया’ होतो, जवळ ‘जवय’ होते. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतला ‘वढाय’ हा शब्द प्रमाण मराठीत ‘वढाळ’ आहे, म्हणजे भटके, दावणीला न राहणारे जनावर. या बोलींत गोंधळ नाही. वऱ्हाडीत ळ-चा य होतो, पण ‘बैल’चा किंवा ‘तेल’चा होत नाही, म्हणजे जुना भेद तिथे वेगळ्या ध्वनीच्या रूपाने जिवंत आहे. अशा घरातल्या मुलाने पहिल्या-दुसरीत ‘डोया’ लिहिले तर त्याला फक्त एवढे सांगावे लागते की घरचा य पुस्तकात पुष्कळदा ळ होतो. किनाऱ्यावरच्या मुलाचे काम थोडे अवघड आहे. त्याच्या बोलीत दोन्ही ध्वनी एक झालेले असल्याने त्याला शब्द डोळ्यांनी ओळखून लक्षात ठेवावे लागतात.

आज शहरांत दिसणाऱ्या चुका मात्र बोलीतून कमी आणि हिंदी व रोमन लिपीतून जास्त येतात. प्रमाण हिंदीत ळ नाही. तिथे होळीची होली होते, जळगावचे जलगांव होते. मुंबईतल्या एकाच रेल्वे स्थानकाचे नाव मराठीत लोकमान्य टिळक टर्मिनस आणि हिंदीत लोकमान्य तिलक टर्मिनस असे लिहितात. बाळ गंगाधर टिळकांच्या नावातले दोन्ही ळ हिंदीत ल होतात. हिंदीसाठी ते योग्यच आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा हिंदी मजकुरावरून घाईने मराठी फलक किंवा जाहिरात तयार होते आणि तो ल तसाच राहून जातो. रोमन लिपीत तर दोन्हींना एकच अक्षर. Kale हे आडनाव काळे की काले, हे त्यावरून सांगता येत नाही. Jalna आणि Jalgaon यांची सुरुवात सारखी दिसते, पण एक जालना आणि दुसरे जळगाव. Khandala म्हणजे खंडाळा आणि Akola म्हणजे अकोला, हे गाव माहीत असणाऱ्यालाच कळते. परप्रांतात किंवा परदेशात वाढलेली मराठी मुले गावांची नावे अनेकदा आधी रोमन लिपीत वाचतात, आणि लोणावळ्याचा ‘लोनावला’ तिथूनच होतो.

टंकलेखनात हीच चूक एका कळीच्या अंतरावर असते. इनस्क्रिप्ट कळफलकावर ल आणि ळ एकाच कळीवर आहेत. नुसती `n` दाबली तर ल, शिफ्टबरोबर दाबली तर ळ. रोमन अक्षरे टाइप करून मराठी उमटवणाऱ्या अनेक पद्धतींत `l` म्हणजे ल आणि `L` म्हणजे ळ. शिफ्ट नीट दाबली गेली नाही की ‘मला वेळ नाही’चे ‘मला वेल नाही’ होते. शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली ही चूक बहुधा दाखवत नाही, कारण ‘वेल’ हा तिच्या यादीतला बरोबर शब्द असतो. ‘शाला’, ‘डोला’ अशा चुका एकवेळ तिला सापडतील. काल-काळ, ओल-ओळ, चाल-चाळ, माल-माळ, लाल-लाळ, गाल-गाळ, मेला-मेळा या जोड्या माणसालाच वाचून तपासाव्या लागतात. मुद्रितशोधनाच्या वेळी मजकूर मनात न वाचता तोंडाने वाचला तर यातली बहुतेक स्थळे पकडली जातात, कारण डोळा जिथे फसतो तिथे जीभ अडते.

लिहिताना शंका आली तर तीन प्रश्न पुरतात. शंका भूतकाळाच्या प्रत्ययाबद्दल आहे का? मग ल. शब्द इंग्रजी किंवा अरबी-फारसीतला आहे का, अथवा अखंड संस्कृत असून संस्कृत शब्दाला जोडला आहे का? तरीही बहुधा ल. तो घरगुती मराठी शब्द आहे आणि संस्कृतात त्याच्या पूर्वजात एकटा ल किंवा ड दिसतो का? मग ळ. एवढ्यावरही निर्णय होत नसेल तर कोश पाहावा. शब्द मराठीत कुठून आला हे जाणून घ्यायचे असेल तर कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ हाताशी असावा.

शिक्षकांना एक विनंती. ल आणि ळ शिकवताना सुट्या शब्दांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा शब्दांची कुटुंबे फळ्यावर लिहावीत. मूळ, मुळाक्षर, मूलभूत, मूल्य, मोल हे एका ओळीत लिहिले, आणि त्याखाली तीळ, तिळगूळ, तेल, तेली ही दुसरी ओळ लिहिली, तर चौथी-पाचवीतल्या मुलांनाही कुठे ळ टिकतो आणि कुठे ल परततो ते स्वतःहून दिसते. त्यानंतर त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला ‘तसेच म्हणतात’ हे उत्तर देऊ नये.